रायगर मॉर्टिसचे प्रश्न पुन्हा पुन्हा चुकतायत? आधी एटीपी कुठे आहे ते बघा

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडची व्हेटर्नरीची पोरं, कुणी अथणीला शिकतं, कुणी सीमा ओलांडून शिरवळला नाहीतर उदगीरला. सुट्टीत घरी आली की त्यांची एक तक्रार ठरलेली: "दादा, व्याख्या पाठ आहे, टप्पे पाठ आहेत, तरी केस दिली की उत्तर चुकतं." कॉलेज वेगळी, विद्यापीठं वेगळी, शिकवणारे वेगळे, पण चुका मात्र त्याच. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

चूक नेमकी कुठे होते

रायगर मॉर्टिस म्हणजे काय, त्याचे टप्पे कोणते, गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी यांत ते साधारण किती वेळात येतं, इथपर्यंत कुणी अडत नाही. घोळ सुरू होतो तो परिस्थिती सांगून प्रश्न विचारला की.

पहिला नमुना. मेंढ्या लांबून चालवत आणल्या, उपाशी होत्या, थकल्या होत्या. कत्तलीनंतर २४ तासांनी मांसाचा पीएच ६.४. ताठरता लवकर आली असेल की उशिरा? चांगली अभ्यासू मुलंसुद्धा 'उशिरा' लिहितात. कारण विचारलं तर सांगतात, लॅक्टिक आम्ल पुरेसं तयारच झालं नाही, मग ताठरता लांबणारच.

दुसरा नमुना. मेंढीचं धड लगेच चिलरमध्ये टाकलं, दुसऱ्या दिवशी पीएच ५.६. मांस कसं होईल? उत्तर येतं, 'पीएच नॉर्मल आहे, म्हणजे मांस चांगलं मऊ'. मधल्या तासांचं तापमान प्रश्नात दिलेलं असतं, पण तिकडे कुणी बघतच नाही.

तिसरा नमुना एजिंगचा. एजिंगमध्ये मांस मऊ का होतं, याच्या चार पर्यायांत 'अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचा बंध सुटतो' असा एक पर्याय असतो, आणि हात हमखास त्याच्यावर जातो.

पहिल्या दोन चुकांचं मूळ एकच आहे. तिसरी वेगळ्या जातीची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मूळ कारण: पीएचला मालक समजणं

नोट्समधला आलेख आठवा. आडव्या अक्षावर तास, आणि ७.० च्या वरून ५.५ कडे उतरणारी पीएचची ठळक रेघ. ही रेघ इतक्या वेळा गिरवलेली असते की डोक्यात साखळी अशी बसते: आम्ल वाढलं, म्हणून स्नायू ताठला. ही साखळी चूक आहे. ताठरता आम्लामुळे येत नाही. एटीपी संपल्यामुळे येते.

जिवंत स्नायूत मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, ओढतं आणि सोडतं. यातल्या सोडण्यासाठी एटीपी लागतो. एटीपीचा रेणू येऊन डोक्याला चिकटला की पकड सुटते. तो आलाच नाही तर डोकं धरलेल्या जागी तसंच राहतं. रायगर म्हणजे एवढंच: लाखो डोकी धरलेल्या अवस्थेत अडकली आणि सोडवायला एटीपी उरला नाही. मग स्नायू ओढून लांबत नाही.

आता कत्तलीनंतर काय होतं ते बघा. रक्त थांबलं की ऑक्सिजन थांबतो, पण पेशीचा खर्च चालूच राहतो. कॅल्शियम आत ओढून ठेवणारे पंप चालू असतात, एटीपी जळत असतो. त्याची भरपाई आधी क्रिएटिन फॉस्फेटमधून होते. तोवर एटीपीची पातळी जवळपास जागच्या जागी राहते आणि स्नायू मऊ, ओढला तर लांबणारा असतो. क्रिएटिन फॉस्फेट ओसरलं की भार ग्लायकोजेनवर येतो. ऑक्सिजनशिवाय ग्लायकोजेन मोडताना एटीपी कमीच मिळतो आणि लॅक्टेट व आम्ल साठत जातं. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ग्लायकोजेन संपतं, नाहीतर पीएच ५.४–५.५ च्या आसपास पोचून ग्लायकोजेन मोडणारी एन्झाइमंच थंडावतात. दोन्हींत भरपाई बंद. ग्रॅमला ५ ते ७ मायक्रोमोल असलेला एटीपी १ च्या आसपास घसरला की ताठरता पूर्ण होते.

हे काही नवीन नाही. १९४३ मध्ये सेगेडला एर्डोशने एटीपी जाणं आणि स्नायू ताठणं बरोबरीने चालतं हे दाखवलं, आणि १९४७ मध्ये केंब्रिजच्या बेट-स्मिथ आणि बेंडॉल यांनी सशाच्या स्नायूवर ते पक्कं केलं. तरी आपल्या उत्तरपत्रिकांत अजून आम्लच ताठरता आणतंय.

मग पीएच कशाला मोजायचा? कारण एटीपी मोजायला प्रयोगशाळा लागते आणि पीएच कत्तलखान्यात उभ्या उभ्या मोजता येतो. विश्रांती मिळालेल्या, नीट खाल्लेल्या जनावरात पीएच ६.० च्या आसपास आला की एटीपी उतरणीला लागलाय असं समजायला हरकत नसते. म्हणजे पीएच ही खूण आहे, आणि ती खूण जनावराकडे मरताना पुरेसं ग्लायकोजेन असेल तेवढ्यापुरतीच खरी आहे. ग्लायकोजेन कमी असेल तर एटीपी संपून जातो आणि पीएच मात्र वरच अडकलेला राहतो. परीक्षक प्रश्न काढतो तो बरोबर याच फटीतून.

म्हणून कुठलाही केसचा प्रश्न आला की पीएचवर झडप घालू नका. आधी स्वतःला विचारा, या क्षणी स्नायूत एटीपी आहे का? मग विचारा, त्या वेळी तापमान किती होतं? बाकी सगळं या दोन उत्तरांमधून निघतं.

एकच आकडा, दोन उलटी उत्तरं

सरावासाठी मी मुलांना ही मांडणी देतो. दोन मेंढ्या, सारख्याच वजनाच्या, एकाच चिलरमध्ये टांगलेल्या. 'अ' कळपातून टेम्पोने आणून रात्रभर चारा-पाणी देऊन विश्रांती दिलेली. 'ब' रायबागकडून उन्हातून हाकत आणलेली, वाटेत खायला नाही, आल्या आल्या कापलेली. कमरेच्या स्नायूत मोजलेले आकडे असे:

| कत्तलीनंतर | तापमान | अ चा पीएच | ब चा पीएच |
|---|---|---|---|
| १ तास | ३६° | ६.८ | ६.६ |
| ३ तास | २०° | ६.६ | ६.४ |
| ५ तास | ९° | ६.४ | ६.४ |
| १० तास | ४° | ६.० | ६.४ |
| २४ तास | २° | ५.६ | ६.४ |

शिवाय एक नोंद दिलेली आहे: ब चे मागचे पाय तिसऱ्या तासाला पूर्ण ताठ झालेले होते. प्रश्न एकच आहे. शीत आकुंचन कुणात होईल?

पाचव्या तासाची ओळ बघा. दोघींचं तापमान ९ अंश, दोघींचा पीएच ६.४. पाठ केलेला नियम सांगतो, पीएच ६ च्या वर असताना तापमान १० अंशांच्या खाली गेलं की शीत आकुंचन. नियम डोळे मिटून लावला तर उत्तर 'दोघींत'. पण बरोबर उत्तर आहे 'फक्त अ मध्ये'.

अ मध्ये काय चाललंय? पीएच अजून उतरतोय. तो पुढे ६.० आणि मग ५.६ पर्यंत जाणार आहे, याचा अर्थ पाचव्या तासाला ग्लायकोजेन मोडणं चालू आहे आणि एटीपीची भरपाई होतेय. म्हणजे एटीपी हजर आहे. आता थंडी आली. साधारण १० अंशांच्या खाली कॅल्शियम ओढून धरणारी यंत्रणा ढिली पडते. सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून कॅल्शियम गळतं आणि पंप ते परत आत घेऊ शकत नाही. मायटोकाँड्रियाही ऑक्सिजनशिवाय आपलं कॅल्शियम सोडून देतात. म्हणून मायटोकाँड्रिया जास्त असलेल्या लाल तंतूंना हा त्रास अधिक, म्हणजे मेंढी आणि गोवंशाला जास्त, डुकराला कमी. कॅल्शियम मोकळं आणि एटीपी हाताशी, की स्नायू आकसणारच. पुढे त्याच आकसलेल्या अवस्थेत एटीपी संपतो आणि रायगर त्याच्यावर कुलूप लावतं.

ब मध्ये तिसऱ्या तासालाच पीएच थांबलाय. ३ तासांना ६.४, ५ ला ६.४, २४ ला पण ६.४. उतरण संपली म्हणजे इंधन संपलं, आणि पाय ताठ म्हणजे एटीपीही संपला. पाचव्या तासाला थंडी आली आणि कॅल्शियम गळलं, तरी आकसायला एटीपीच नाही. कुलूप आधीच लागलेलं आहे. त्यामुळे शीत आकुंचन नाही. पीएच वर असताना आलेल्या या रायगरला पुस्तकात अल्कलाइन रायगर म्हणतात. ते लवकर येतं, कारण सुरुवातीची सुस्त अवस्था भरपाईअभावी आखूड होते. पहिल्या नमुन्यातल्या प्रश्नाचं उत्तर 'लवकर' का, ते आता सांगायला नको.

म्हणजे एखाद्या तासाचा पीएच एकटा बघून काही कळत नाही. त्याच्या पुढच्या ओळीत तो अजून उतरतोय की थांबलाय, ते बघायचं. परीक्षक चतुर असेल तर पुढची ओळ देत नाही, त्याऐवजी 'पाय ताठ होते' किंवा 'स्नायू ओढल्यावर लांबला नाही' असं एखादं वाक्य पेरतो. ते वाक्य एटीपी संपल्याची साक्ष आहे.

ग्लायकोजेनचा हिशोब

हा हिशोब एकदा हाताने केला की ब चा पीएच ६.४ वर का अडकला ते पक्कं बसतं. स्नायूचा पीएच एकाने उतरवायला किलोमागे साधारण ५५ मिलिमोल लॅक्टिक आम्ल लागतं असं धरा. स्नायूच्या प्रकाराप्रमाणे हा आकडा थोडा पुढे-मागे होतो, प्रश्नात दुसरा दिला असेल तर तो घ्या. ग्लायकोजेनमधल्या एका ग्लुकोज घटकापासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात. एका घटकाचं वजन १६२.

अ चा पीएच ७.२ वरून ५.६, म्हणजे १.६ ने उतरला. १.६ गुणिले ५५ म्हणजे ८८ मिलिमोल लॅक्टिक आम्ल. त्याचं निम्मं ४४ मिलिमोल ग्लुकोज घटक. ४४ गुणिले १६२ म्हणजे सुमारे ७.१ ग्रॅम, किलोला. स्नायूत विश्रांतीनंतर साधारण १ टक्का, म्हणजे किलोला १० ग्रॅम ग्लायकोजेन असतं असं पुस्तक म्हणतं. त्यातलं ७ वापरलं गेलं, उरलेलं तसंच पडून राहिलं, कारण पीएच खाली आल्यावर एन्झाइमं थांबली.

ब चा पीएच ७.२ वरून ६.४, म्हणजे ०.८ ने उतरला. ०.८ गुणिले ५५ म्हणजे ४४ मिलिमोल आम्ल, २२ मिलिमोल घटक, सुमारे ३.६ ग्रॅम. मरताना तिच्या स्नायूत किलोला साडेतीन ग्रॅमच्या आसपासच ग्लायकोजेन होतं, ०.३६ टक्के. बाकीचं उन्हातल्या वाटेवर जळून गेलं. हे मांस गडद, घट्ट आणि कोरडं दिसतं, म्हणजे डीएफडी. पीएच वर असल्यामुळे प्रथिनं पाणी घट्ट धरून ठेवतात, तंतू फुगलेले राहतात, प्रकाश परत फेकला जात नाही. शिवाय मायटोकाँड्रिया पृष्ठभागावरचा ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून कापलेला भाग हवेत ठेवला तरी लालचुटूक होत नाही. आणि पीएच वर असल्याने जंतू लवकर वाढतात, टिकाऊपणा कमी. कत्तलीनंतर काहीही केलं तरी हे सुधारत नाही, कारण जे ग्लायकोजेन नव्हतंच ते आणायचं कुठून?

पीएसई आणि डीएफडी यांतला फरक याच ठिकाणी लक्षात ठेवा. पीएसईमध्ये पीएच किती खाली गेला यापेक्षा किती घाईने गेला हे महत्त्वाचं. डुकरात ४५ मिनिटांतच पीएच ६ च्या खाली आणि धड अजून ३५ अंशांच्या वर, म्हणून प्रथिनं बिघडून पाणी सुटतं. शेवटचा पीएच बऱ्याचदा नॉर्मलच असतो. डीएफडीमध्ये वेग हा मुद्दा नाही, उतरण अर्ध्यावर थांबते हा मुद्दा. नुसता २४ तासांचा पीएच देऊन पीएसई ओळखायला सांगितलं असेल, तर प्रश्नच अर्धवट आहे.

अ चं काय करायला हवं होतं

अ मध्ये जनावर चांगलं, ग्लायकोजेन भरपूर, शेवटचा पीएच आदर्श, आणि तरी मांस चामट. दोष चिलरचा आहे. उपाय विचारला तर दोनच दिशा सांगता येतात: एक तर थंडी उशिरा आणा, नाहीतर एटीपी लवकर संपवा.

थंडी उशिरा आणायची म्हणजे धड साधारण १५ अंशांवर ठेवून पीएच ६ च्या खाली येऊ द्यायचा आणि मग थंड करायचं. लॉकर आणि हॅग्यार्ड यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडमध्ये दाखवलं की स्नायू सगळ्यात कमी आकसतो तो १४ ते १९ अंशांच्या पट्ट्यात. त्याच्या खाली थंडीने आकसतो, वर गेलं की उष्णतेने. म्हणून 'जितकं गार तितकं चांगलं' हे जंतूंच्या बाबतीत खरं असलं तरी पहिल्या काही तासांत स्नायूला ते लागू नाही.

एटीपी लवकर संपवायचा म्हणजे विद्युत उद्दीपन. कत्तलीनंतर लगेच धडातून विजेचे झटके दिले की स्नायू जोरात आकुंचन पावतात, ग्लायकोजेन भराभर मोडतं, आणि तासा-दीड तासात पीएच ६ च्या आसपास येतो. मग चिलर कितीही कडक असला तरी आकसायला एटीपी शिल्लक नसतो. पण इथेही अती झालं तर दुसऱ्या टोकाची अडचण उभी राहते: पीएच ६ ला पोचताना धड ३५ अंशांच्या वर असेल तर उष्णतेने आकुंचन होतं आणि पाणीही सुटतं. ऑस्ट्रेलियात गोमांसाची प्रत ठरवताना एक खिडकी वापरतात: पीएच ६ होतो त्या क्षणी तापमान १२ ते ३५ अंशांच्या मध्ये हवं. अ चा पीएच ६.० झाला तेव्हा तापमान ४ होतं. खिडकीच्या कितीतरी खाली. गोमांसाची खिडकी मेंढीला जशीच्या तशी लावत नाहीत, पण प्रश्न सोडवताना दिशा कळायला ती पुरते.

'शीत आकुंचन झालेलं मांस १० दिवस एजिंगला ठेवलं तर सुधारेल का?' हा प्रश्न आवडीने विचारतात. फारसं नाही. न आकसलेल्या स्नायूत सार्कोमिअरची लांबी २ मायक्रोमीटरच्या आसपास असते. जबर आकसलेल्या स्नायूत ती १.३–१.४ पर्यंत येते. तंतू एकमेकांत इतके घुसलेले असतात की त्यांच्यामधली कमकुवत जागाच उरत नाही. एजिंग जिथे काम करतं ती जागाच झाकली जाते.

एजिंगमध्ये नेमकं काय सुटतं

आता तिसरी चूक. ताठरतेनंतर मांस दिवसागणिक मऊ होतं, म्हणून मुलांना वाटतं की रायगर उलटं फिरलं. अडकलेली डोकी सुटली, तंतू मूळ जागी गेले. तसं होत नाही. सोडवायला एटीपी लागतो आणि एटीपी आता परत येणार नाही. अ‍ॅक्टिन-मायोसिनचे बंध तसेच राहतात.

याचा पुरावा सोपा आहे. पहिल्या दिवशी सार्कोमिअरची लांबी मोजा, सातव्या दिवशी परत मोजा. लांबी जवळपास तीच असते, पण मांस कापायला लागणारं बळ घटलेलं असतं. गाठ सुटली असती तर लांबी वाढली असती. म्हणजे मऊपणा दुसरीकडून आलाय.

तो येतो झेड डिस्कच्या आसपासून. तिथे तंतूंना बाजू-बाजूने आणि लांबीच्या दिशेने जोडून ठेवणारी प्रथिनं असतात: डेस्मिन, टायटिन, नेब्युलिन. कॅल्शियमने जागी होणारी कॅल्पेन एन्झाइमं ही जोडणी कातरतात, आणि त्यात मुख्य काम पहिल्या काही दिवसांत कॅल्पेन-१ करतं. ट्रोपोनिन-टी तुटून ३० किलोडाल्टनचा तुकडा दिसतो, तो एजिंगची खूण म्हणून वापरतात. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन स्वतः तुटत नाहीत. संयोजी ऊतीतलं कोलॅजेनही चिलरमधल्या एजिंगमध्ये फारसं बदलत नाही, म्हणून म्हाताऱ्या जनावराचं चामटपण एजिंगने जात नाही. पर्यायांत 'डेस्मिनचं विघटन' आणि 'अ‍ॅक्टोमायोसिनचं विलगीकरण' दोन्ही असले, तर डेस्मिनवर खूण करा.

कॅल्पेनला लगाम घालणारं कॅल्पास्टॅटिन. ते जास्त असलं की एजिंग हळू चालतं. खांद्यावर वशिंड असलेल्या बॉस इंडिकस गुरांचं मांस युरोपियन गुरांच्या मानाने चामट निघतं, त्याचं एक मोठं कारण हेच. मेंढ्यांत कॅलिपाईज म्हणून एक उत्परिवर्तन आहे, मागचा भाग भरघोस, चरबी कमी, बघायला देखणं, पण कॅल्पास्टॅटिन वाढलेलं. त्यामुळे कमरेचं मांस एजिंगला कितीही ठेवा, अडेलपणा सोडत नाही. 'स्नायू वाढला पण मऊपणा गेला, कारण सांगा' या प्रश्नाचं उत्तर कोलॅजेन नाही, कॅल्पास्टॅटिन.

कालावधीचे आकडे फार घोकू नका. २ ते ४ अंशांवर गोमांसाला १० ते १४ दिवस, मेंढीला आठवड्याच्या आसपास, डुकराला ४–५ दिवस, एवढं पुरतं.

घरचा अनुभव आणि पुस्तक भांडतात तेव्हा

आमच्या भागातल्या पोरांची एक जास्तीची अडचण आहे. घरी रविवारचं मटण सकाळी कापलेलं आणि दुपारच्या आत रश्शात गेलेलं. एजिंग कुणी बघितलेलं नाही. उलट घरची शिकवण अशी की जितकं ताजं तितकं मऊ. मग पुस्तकात 'एजिंगने मऊ होतं' वाचलं की ते डोक्यात शिरत नाही, पाठ तेवढं होतं.

पण घरचा अनुभवही खोटा नाही, तो पहिल्या टप्प्यातला आहे. सकाळी लवकर दुकानात जा. नुकतंच सोललेलं बोकड टांगलेलं असतं, आणि मांडीचा स्नायू मधूनच आपोआप फडफडतो. मामांनी वाटा तोडून पाटीत टाकला, घरी आणून मीठ-हळद लावली, तर एखादा तुकडा थरथरताना दिसतो. घरातली लहान मुलं घाबरतात. ती हालचाल म्हणजे एटीपी अजून आहे याची डोळ्यांनी दिसणारी खूण. हे रायगरच्या आधीचं मांस. ते तसंच लगेच शिजवलं तर बऱ्यापैकी मऊ लागतं. तेच बोकड दोन-चार तास उन्हाळ्याच्या हवेत टांगून राहिलं आणि मग नेलं, तर ते ऐन ताठरतेत शिजतं, आणि घरी शेरा मिळतो, 'म्हातारं कापलंय वाटतं'. बोकड तेच असतं, वेळ चुकलेली असते. कुकरच्या जास्तीच्या शिट्ट्या हे झाकतात, कारण ओल्या उष्णतेत कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. म्हणून आपल्याला रायगरचा फटका ताटात फारसा जाणवत नाही, आणि कोरड्या आचेवर भाजून खाणाऱ्यांनी मात्र एजिंगवर एवढं संशोधन केलं.

सगळ्यात वाईट हाल होतात ते ताजं मटण घरी आणून थेट फ्रीजरमध्ये टाकणाऱ्यांचे. एटीपी असताना गोठवलं की बर्फाचे स्फटिक सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम फाडतात. वितळताना कॅल्शियमचा लोंढा सुटतो, एटीपी हजरच असतो, आणि तुकडा जोरात आकसतो, पातेल्यात लालसर पाणी साठतं. हा थॉ रायगर. मोकळा स्नायू निम्म्याहून जास्त आखडू शकतो. हाडाला धरून असलेला कमी आखडतो, कारण हाड त्याला ओढून धरतं. आणि घरचा फ्रीजर हळू गोठवतो, म्हणून गोठण्याच्या आधी बाहेरच्या भागात शीत आकुंचनही होऊन जाऊ शकतं. उपाय परीक्षेतलाच: मटण आधी ताठ होऊ द्या, मग गोठवा. फक्त ते झाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. उघड्यावर नाही.

शीत आकुंचन आणि थॉ रायगर यांत फरक विचारला तर दोन वाक्यं पुरेत. दोन्हींना एटीपी आणि मोकळं कॅल्शियम लागतं. पहिल्यात थंडीने पंप ढिला पडतो, दुसऱ्यात बर्फाने भांडंच फुटतं, म्हणून आकसणं कितीतरी जोरदार.

कोंबडीचा प्रश्न

शेवटी एक प्रश्न, जो हल्ली वारंवार दिसतो. ब्रॉयलरच्या छातीचं मांस कत्तलीनंतर तासाभरात हाडावरून काढलं तर चामट का होतं? मुलं शीत आकुंचन लिहितात, कारण कोंबडी बर्फाच्या पाण्यात बुडवतात हे माहीत असतं. पण छातीचे तंतू पांढरे, मायटोकाँड्रिया कमी, थंडीने आकसण्याची शक्यता फार थोडी. परत तोच प्रश्न विचारा: एटीपी आहे का? कोंबडीत रायगर लवकर सुरू होतं, तरी तासाभरात सगळ्या तंतूंत ते पूर्ण झालेलं नसतं. एटीपी शिल्लक असताना हाडाचा आधार काढून घेतला आणि वर सुरीने स्नायू डिवचला, तर तो आकसतो आणि तसाच ताठतो. म्हणून धड थंड करून साधारण ४ तास तसंच ठेवतात आणि मग छाती सोडवतात.